मॅगव्हीलच्या आधी पुढची डिस्क मागा

रोजच्या वापराची बाईक घ्यायला गेलं की एकाच मॉडेलचे तीन-चार प्रकार समोर मांडले जातात. सगळ्यात खालच्याला स्पोकची चाकं आणि पुढे-मागे ड्रम ब्रेक, त्याच्या वरच्याला मॅगव्हील म्हणजे अलॉय पण ब्रेक ड्रमच, आणि सगळ्यात वरच्याला अलॉय आणि पुढे डिस्क, वर डिजिटल मीटर, वेगळे स्टिकर, चार्जिंगचं सॉकेट असलं काय काय. बहुतेकांचं बजेट मधे कुठेतरी बसतं आणि मधलाच प्रकार घेतला जातो, म्हणजे काय होतं की खालच्या गाडीपेक्षा जे जास्तीचे पैसे माणूस मोजतो ते सगळे चाकाच्या दिसण्यावर जातात आणि ब्रेक आहे तोच राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा लावलाय. जास्तीचा पहिला रुपया पुढच्या डिस्कवर जायला हवा, चाक स्पोकचं असलं तरी चालेल, आणि अलॉय घ्यायचंच असेल तर ते ट्यूबलेस टायरसाठी घ्यावं, चमकतंय म्हणून नाही. कंपन्यांनी डिस्क सगळ्यात वरच्या प्रकारात कोंडून ठेवणं मला पटत नाही आणि आपण ग्राहक ते मुकाट्याने चालवून घेतो हेही पटत नाही.

आधी पुढच्या ब्रेकवर एवढा जोर का देतोय ते सांगतो, कारण अजूनही खूप लोकांच्या डोक्यात मागचा ब्रेक हा मेन आणि पुढचा म्हणजे पडायचं निमित्त असं पक्कं बसलेलं आहे.

साधारण ११५ किलोची गाडी धरा आणि वर ७५ किलोचा माणूस, म्हणजे एकूण १९० किलो. गाडी उभी असताना पुढच्या चाकावर साधारण ८५ किलो आणि मागच्यावर १०५ किलो असं वजन पडतं. आता ताशी ५० ने जाताना जोरात ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, शॉकअप दबतो, आपले हात हँडलवर ढकलले जातात ते त्यामुळेच. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास आणि माणसासकट गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटरवर धरला, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावरच्या जोरदार ब्रेकिंगला जवळपास ५५ किलो वजन मागून पुढे जातं. म्हणजे पुढच्या चाकावर १४० आणि मागच्यावर जेमतेम ५० किलो. टायरची पकड ही त्याच्यावरच्या वजनावर अवलंबून असते, त्यामुळे ज्या चाकावर ५० किलो आहे ते कितीही दाबलं तरी फक्त घसटतं, थांबवत नाही. नुसता मागचा ब्रेक वापरला तर ५० च्या वेगातून थांबायला ३० मीटर लागतात, तेही चाक लॉक होऊन गाडी आडवी-तिडवी न होता नीट जमलं तर. दोन्ही ब्रेक नीट लागले तर १६ मीटर. यात आपल्याला धोका दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही, त्याला एक सेकंद लागला तर अजून १४ मीटर गेले.

आता असं समजा की पुढचा ब्रेक अर्धवट लागतोय, लिव्हर दाबतोय पण पाहिजे तसा चावत नाहीये, आणि १६ च्या जागी २४ मीटर लागले. फरक आठ मीटर, ऐकायला फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी जवळपास २९ च्या वेगाने जात असते. म्हणजे पहिल्याचं पुढच्या चाकाचं नाक ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबलं आणि दुसरा त्याच ट्रकवर २९ ने आदळला, दोघांची गाडी तीच, टायर तेच.

इथे डिस्कवाले एक चुकीचं बोलतात ते आधी दुरुस्त करतो. डिस्कमुळे गाडी लवकर थांबते हे सरसकट खरं नाही. नवाकोरा, नीट सेट केलेला १३० मिलिमीटरचा ड्रमसुद्धा पूर्ण जोर लावला तर पुढचं चाक लॉक करू शकतो, आणि चाक लॉक होईपर्यंत ब्रेक लागतोय म्हणजे मर्यादा टायरची झाली, ब्रेकची नाही. त्यामुळे शोरूममधून निघालेल्या दोन गाड्या शेजारी लावून मोजलं तर फरक थोडाच निघेल. खरा फरक पडतो तो आठ महिन्यांनी, पावसात, उतारावर, डबलसीट, आणि ज्याच्या हातात फार जोर नाही अशा माणसाच्या हातात. तोच ब्रेक रोज तसाच लागतो का आणि किती लागतोय हे बोटांना कळतं का, हे बघायचं.

ड्रमच्या आत काय चालतं ते बघितलं की हे लक्षात येतं. हबच्या आत दोन अर्धगोल शू असतात, त्याला लायनर चिकटवलेलं, गॅरेजमध्ये सगळे लायनरच म्हणतात. लिव्हर ओढली की केबल बाहेरचा आर्म ओढते, आर्म आतला कॅम फिरवतो, कॅम दोन्ही लायनर फाकवतो आणि ते ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. या दोनपैकी एक लायनर असा बसलेला असतो की फिरणारा ड्रमच त्याला स्वतःकडे अजून ओढून घेतो आणि दुसऱ्याला मात्र बाजूला ढकलतो. पहिल्यामुळे कमी जोरात जास्त ब्रेक मिळतो, ही ड्रमची हुशारी आणि तीच त्याची खोड. कारण लायनरची घर्षणाची ताकद थोडी कमी झाली की ही ओढूनघेणी पण कमी होते आणि ब्रेक दुपटीने उतरल्यासारखा वाटतो. थोडी वाढली, उदाहरणार्थ रात्रभर दमट हवेत उभी राहून ड्रमला आतून बारीक गंज धरला, की सकाळचा पहिला ब्रेक खाडकन पकडतो. तापला तर लोखंडी ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत येते. पाण्यातून गाडी काढली आणि पाणी आत शिरलं तर ते लगेच बाहेर पडत नाही, हलका ब्रेक धरून बरंच अंतर चालवत सुकवावं लागतं. आणि लायनरची घासलेली पूड बाहेर पडायला नीट जागा नसते, ती आतच फिरते, वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो, मग कितीही ओढा, नुसता आवाज येतो.

हे सगळं हळूहळू होतं म्हणून घात होतो. रोज चालवणाऱ्याचा हात रोज थोडा थोडा जास्त ओढायला शिकतो आणि त्याला वाटतं ब्रेक ठीक आहे. दुसऱ्या कोणी गाडी घेतली की तो पहिल्याच वळणावर विचारतो, अरे ब्रेक कुठंय.

लायनर किती उरलंय हे चाक न खोलता कळायची सोय असते, आर्मच्या बुडाशी एक बारीक बाण असतो आणि ड्रमच्या प्लेटवर एक खूण, ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला पोचला की लायनर संपलं. आता गॅरेजमध्ये काय केलं जातं ते मी बऱ्याचदा बघितलंय आणि दरवेळी जीव वरखाली होतो. लायनर झिजलं की आर्म दाबल्यावर फार पुढे जातो, केबलचा नट शेवटपर्यंत आवळून संपतो, मग तो आर्म दात्यांवरून काढतात आणि एक-दोन दाते मागे फिरवून परत बसवतात. लिव्हर लगेच टाईट लागते, गिऱ्हाईक खूश, काम दोन मिनिटांत. पण आत लायनर तेवढंच झिजलेलं असतं, बाण आता खोटं सांगतो, आणि कॅम आधीच एवढा फिरलेला असतो की अजून थोडी झीज झाली तर तो पूर्ण आडवा होऊन तिथेच अडकू शकतो, म्हणजे ब्रेक लागला तो लागलाच, चाक सुटणारच नाही. ब्रेक दाबलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन दिसायला हवा, आर्म त्याच्या बराच पुढे गेलेला दिसला तर ओढलेला जोर वाया जातोय असं समजा. आणि आर्म फिरवून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, लायनर नवे टाका, ड्रमच्या आतला व्यासही मोजायला सांगा, कमाल किती चालतो ते ड्रमवरच कोरलेलं असतं, सहसा मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर जास्त.

अजून एक जागा, पुढच्या ड्रमची. शॉकअपच्या नळीवर आतल्या बाजूला एक उंचवटा असतो आणि ड्रमच्या प्लेटला एक खाच, चाक बसवताना तो उंचवटा त्या खाचेत बसलाच पाहिजे. ब्रेक मारल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते, तिला तो उंचवटा अडवून धरतो. पंक्चर काढून घाईत चाक बसवताना ही खाच चुकली तर एक्सल बसतो, नट आवळला जातो, सगळं नीट दिसतं, आणि पहिल्याच जोराच्या ब्रेकला प्लेट गरकन फिरून केबल तोडते किंवा चाक जाम करते. पुढच्या चाकाचं पंक्चर काढून झालं की निघायच्या आधी खाली वाकून ही एक जागा बघायचीच.

डिस्कमध्ये यातलं बरंच काही नसतं. चकती उघड्यावर फिरते, कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबतो, उष्णता हवेत जाते, पाणी पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पॅडच पुसून काढतात, झीज झाली तरी लिव्हरचा प्रवास बदलत नाही कारण पॅड झिजले की कॅलिपरमधला पिस्टन तेवढाच पुढे येऊन थांबतो, नट आवळायची भानगडच नाही. पॅड किती उरलेत ते कॅलिपरमध्ये डोकावून दिसतं, चाक काढावं लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोटाने जेवढं दाबाल तेवढं लागतं, स्वतःहून ओढून घेणं वगैरे नाही, त्यामुळे चाक लॉक व्हायच्या जवळ आलंय हे हाताला कळायला वाव मिळतो. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० ही गाडी पुढे हायड्रॉलिक डिस्क लावून मोठ्या संख्येने विकायला काढली, त्याला अर्धशतक उलटून गेलं. एवढी जुनी, एवढी पक्की झालेली वस्तू अजून टॉप मॉडेलची ऐट म्हणून विकली जावी याचा मला खरंच राग येतो.

डिस्कवर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाहीये. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर घाबरून पुढची डिस्क करकचून दाबली तर चाक लॉक होतं आणि पुढचं चाक लॉक झालं की माणूस खाली, सावरायला वेळच मिळत नाही. कमी जोरात जास्त ब्रेक लागतो म्हणून डिस्कला हे ड्रमपेक्षा सहज होतं, हे मान्य करायलाच हवं. पण यावरचा उपाय लागतच नाही असा ब्रेक घेणं हा नाही. उपाय म्हणजे पुढच्या चाकाला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि एबीएस काम करतं ते ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करून, म्हणजे केबलवाल्या ड्रमला ते मिळणारच नाही, डिस्क असेल तरच पुढे ती वाट उघडते. जिथे एबीएस नाही तिथे बऱ्याच गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो, मागचं पेडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो, तो ड्रमला पण जोडता येतो आणि फक्त पेडल वापरणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग आहे, पण तो चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही, हे दोन वेगळे आहेत आणि विकणारा दोन्ही एकाच दमात सांगतो. डिस्क घेतल्यावर मोकळ्या जागी वीस-पंचवीसच्या वेगात लिव्हर एकदम न झटकता आधी हलकी आणि मग वाढवत दाबायची सवय करून घ्या, पहिल्या हलक्या दाबाला वजन पुढे येतं आणि मगच त्या टायरला पकड मिळते.

डिस्कला काळजी लागतेच, फक्त वेगळी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि हे जवळपास कोणी करत नाही. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशाला उकळतं, त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, मग लांब उतारावर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजसारखी आत जाते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या चिखलाने सुकल्या की एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि चाक हाताने फिरवलं तर घासत फिरतं. पॅड बदलल्यावर लिव्हर पहिल्या दोन-तीन दाबांना रिकामी जाते, गाडी हलवायच्या आधी ती पंप करून कडक करायची. आणि चेनला स्प्रे मारताना किंवा गाडीला पॉलिश करताना चकतीवर एक थेंबही उडता कामा नये.

मागच्या डिस्कबद्दल फार लिहायची गरज नाही. जोरात ब्रेक मारल्यावर ज्या चाकावर ५० किलो उरतात त्याला ड्रम भरपूर झाला. आतलं काम चिखलापासून झाकलेलं राहतं, लायनर खूप टिकतं. रोजच्या गाडीला मागे डिस्क म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका, त्या पैशात चांगला पुढचा टायर घ्या.

आता चाकांकडे येतो, कारण खरेदीत घोळ इथेच होतो. अलॉय हलकं असतं म्हणून ॲव्हरेज वाढतं, अलॉय मजबूत असतं, असं सर्रास सांगितलं जातं. या वर्गातल्या गाड्यांचं ओतीव अलॉय स्पोकच्या चाकापेक्षा हलकं असेलच असं अजिबात नाही, कित्येकदा वजन तेवढंच किंवा थोडं जास्तच भरतं. आणि मजबुतीचं म्हणाल तर दोघं वेगवेगळ्या तऱ्हेने मार खातात. स्पोकच्या चाकात खड्ड्याचा दणका बऱ्याच तारांमध्ये वाटला जातो, रिम थोडी दबते, चाक डुलायला लागतं, मग चाक स्टँडवर लावून तारा आवळून-सोडून त्याचा आउट काढता येतो, तुटली तर एक तार बदलता येते. अलॉयला तारा आवळायची कटकट नाही, वर्षानुवर्षं सरळ फिरतं, धुवायला सोपं, पण मोठ्या खड्ड्यात कड वाकली किंवा चीर गेली की खेळ संपला. वाकलेलं अलॉय तापवून-ठोकून सरळ करून देणारे आहेत, चिरेवर वेल्डिंग करून देणारे आहेत, पण ओतीव अलॉयची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि तापवलं की त्या जागची ती ताकद निघून जाते. दिसायला गोल झालेलं चाक पुढच्या दणक्याला त्याच ठिकाणी फुटू शकतं. पुढच्या चाकाला तर हा प्रकार करूच नका, नवं घ्या.

अलॉयचा खरा फायदा दिसण्यात नाही, तो ट्यूबलेस टायरमध्ये आहे, आणि तो फायदा मोठा आहे. स्पोकच्या साध्या रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं म्हणून आत ट्यूब लागतेच. खिळा घुसला की ट्यूब फाटते आणि हवा त्या तारांच्या भोकांमधून आणि वॉल्व्हच्या भोकातून भसकन निघून जाते, वेगात असताना पुढच्या चाकाचं असं झालं तर हँडल हातात राहत नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरात घट्ट रुतून बसतो, हवा हळूहळू जाते, थांबायला, गॅरेज गाठायला वेळ मिळतो, आणि चाक न काढता दोरी घालून पंक्चर काढता येतं. म्हणजे अलॉयसाठी पैसे मोजायचं जे एकमेव पक्कं कारण आहे ते हे. आणि इथेच फसगत होते, कारण काही गाड्यांना अलॉय असतं पण टायर ट्यूबवाला असतो. अलॉय दिसलं म्हणजे ट्यूबलेस असं धरून चालू नका, टायरच्या बाजूच्या भिंतीवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा आणि रिमवर ट्यूबलेससाठी योग्य असल्याचा शिक्का आहे का बघा, ट्यूबलेस रिमला आतल्या बाजूने टायरची कड सुटू नये म्हणून एक उंचवटा असतो. ट्यूबवाल्या रिमवर नुसता ट्यूबलेस टायर चढवून चालत नाही. ट्यूबलेस असूनही रोज हवा उतरत असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, जिथे बुडबुडे येतात तिथे कड वाकलेली असू शकते.

ट्यूबच्या चाकात एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी तपासता येते आणि ती ब्रेकशी जोडलेली आहे. वॉल्व्ह सरळ हबच्या मध्याकडे उभा दिसायला हवा. तो तिरका झुकलेला दिसला तर ब्रेकच्या जोराने टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय, एक दिवस वॉल्व्हच्या बुडापाशी ट्यूब फाटणार. कारण बहुतेक वेळा हवा कमी असणं हेच असतं. म्हणून स्पोक अधिक डिस्क अशी गाडी घेणाऱ्याने हवेच्या बाबतीत आळस करून चालणार नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा असतो, पुढे बहुधा २५ पीएसआयच्या आसपास, आठवड्यातून एकदा टायर थंड असताना तपासायचा.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा मात्र हा की यातली कुठली चूक नंतर दुरुस्त करता येते. त्याच मॉडेलच्या अलॉयवाल्या प्रकाराची चाकं स्पोकच्या गाडीला नंतर बसवणं बहुतेक वेळा सरळ काम असतं, हब आणि ब्रेक तेच ठेवणारी चाकं निवडायची, झालं. ड्रमच्या गाडीला नंतर डिस्क लावणं म्हणजे पुढचा हब बदलायचा, कॅलिपर धरायला कान असलेली शॉकअपची नळी लागणार, एक्सल आणि स्पीडोमीटरची जोडणी बदलणार, हँडलवर मास्टर सिलेंडर, होस, आणि हे सगळं एकमेकांना जुळायला हवं. कॉम्बी ब्रेक असेल तर त्याचं गणित पुन्हा वेगळं. हे काम कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचे भाग जुळवून केलेलं मी बघितलंय, कॅलिपर पट्टी ठोकून बसवलेला, आणि पट्टीला तडा गेलेला. सगळा ब्रेकचा जोर त्या दोन बोटांच्या पट्टीवर येतो. तेव्हा जे नंतर घेता येत नाही ते आधी घ्या, अलॉय पुढच्या वर्षी घेता येईल.

यावर कंपनीच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, की खालचा प्रकार गरीब गिऱ्हाइकासाठी आहे आणि त्याला किंमत परवडायला हवी. मग त्याच्याकडून डिस्कचे पैसे घ्या ना, डिस्कसोबत अलॉय, मीटर आणि स्टिकरचेही पैसे का घेता? ज्याला परवडणं सगळ्यात अवघड आहे त्यालाच ब्रेकसाठी सजावटीचे पैसे भरायला लावणं कुठल्या हिशोबात बसतं. दुसरं असं सांगतात की दूरच्या, कच्च्या रस्त्याच्या भागात डिस्क दुरुस्त करणारा मिळत नाही. हे पूर्वी पटण्यासारखं होतं. आज पॅड बदलायला दोन-तीन पाने आणि पंधरा मिनिटं लागतात, ड्रमच्या लायनरसाठी आख्खं चाक काढावं लागतं. कच्च्या रस्त्याचा मुद्दा चाकाला लागू होतो, ब्रेकला नाही. उलट ज्याच्या वाटेत खड्डे आहेत, जो गाडीवर ओझं नेतो, ज्याच्या जवळपास अलॉय मिळणार नाही पण तारा आवळणारा मिळेल, त्याला स्पोकचं चाक हवंच आहे आणि त्यालाच, ओझ्यामुळे, पुढे डिस्क सगळ्यात जास्त हवी आहे. ६० किलोचं ओझं मागे चढलं की १९० चे २५० किलो होतात आणि त्याच वेगात ब्रेकला जिरवायची उष्णता जवळपास एक तृतीयांशाने वाढते. नेमका हाच माणूस आज स्पोक निवडतो म्हणून त्याच्या वाट्याला ड्रम येतो, कारण स्पोक अधिक डिस्क अशी जोडी शोरूमच्या यादीत फार कमी ठिकाणी असते.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी चाक बघू नका. पुढचा ब्रेक काय आहे, एबीएस आहे की नुसता कॉम्बी, हे विचारा, मग टायर ट्यूबलेस आहे का ते टायरवर वाचा, आणि अलॉय की स्पोक हे तुमच्या रस्त्यावर आणि ओझ्यावर ठरवा. रोज चांगल्या रस्त्याने एकटा जाणारा असाल तर डिस्क आणि ट्यूबलेस अलॉय, प्रश्नच नाही. खड्ड्यातून ओझं नेणारे असाल तर डिस्क आणि स्पोक मागा, यादीत नसेल तर हीच जोडी हवी होती असं त्यांच्या फॉर्मवर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विक्रेत्याच्या पुढे जात नाही. आणि पैशाअभावी पुढे ड्रमच घ्यावा लागला तर पहिल्या सर्व्हिसपासून एक नेम ठेवा, लिव्हरचं टोक हलकं दाबून बघायचं, ब्रेक चावायला लागेपर्यंत एक ते दोन सेंटीमीटर सैल असावं, मग पूर्ण दाबून तो बाण खुणेपासून किती लांब आहे ते बघायचं, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा प्लेट काढून आतली पूड साफ करायला लावायची, उघडत असताना स्वतः समोर उभं राहून.